डाळ मिलचा कलर सॉर्टर बिघडला: कंपनीकडून सर्व्हिस इंजिनिअर मागवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर एमआयडीसीतल्या एका तूर डाळ मिलचं मेंटेनन्स पाहतो. जानेवारीत नवी तूर बाजारात आली की मिल रात्रंदिवस चालते, आणि नेमका त्याच दिवसांत कलर सॉर्टर रुसतो. रोल, एलिव्हेटर, चाळण्या यांची दुरुस्ती गावातल्या फिटरकडून होते. सॉर्टरला मात्र कंपनीचाच माणूस लागतो, आणि तो पुण्याहून किंवा हैदराबादहून रात्रभर प्रवास करून येतो. आजूबाजूच्या मिलवाल्यांनी आणि ऑपरेटरनी मला फोनवर जे प्रश्न वारंवार विचारले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

कंपनीला कळवताना सगळ्यात महत्त्वाचं काय लिहायचं?

इंजिनिअर निघताना बॅगेत कोणते पार्ट टाकेल, हे आपल्या मेसेजवरून ठरतं. मेसेज लिहिताना एवढी एकच गोष्ट डोक्यात ठेवली तरी बाकीचं आपोआप सुचतं. "मशीन बंद आहे, अर्जंट इंजिनिअर पाठवा" असं लिहिलं की तो अंदाजाने बॅग भरतो. अंदाज चुकला तर तो लातूरला येतो, मशीन उघडतो, "पार्ट मागवावा लागेल" म्हणतो आणि पार्ट येईपर्यंत लॉजवर बसतो. त्याचा खर्च आपल्या बिलात लागतो आणि मिल उभीच राहते.

म्हणून चार गोष्टी लिहा: मशीन नेमकं कोणतं, ते काय करतंय आणि काय करत नाहीये, आपण काय तपासलं, आणि काम किती अडलंय. त्यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट लोक सगळ्यात कमी लिहितात, आणि इंजिनिअरला नेमक्या त्याच हव्या असतात.

मॉडेल नंबर कुठे सापडतो? बिलावरचा चालेल का?

बिलावरचा घेऊ नका. बिलावर बऱ्याचदा विक्रीचं नाव असतं, आणि त्याच नावाखाली दोन-तीन वर्षांत आतली कार्डं, कॅमेरे बदललेले असतात. मशीनच्या मागे किंवा बाजूला पत्र्याची पाटी असते. तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि बनवल्याचं वर्ष असतं. कापडाने धूळ पुसा आणि पाटीचा सरळ समोरून फोटो काढा. फ्लॅश मारला तर पत्रा चमकतो आणि आकडे दिसत नाहीत, त्यापेक्षा बाजूने टॉर्च धरा.

फोटोसोबत नंबर टाइपही करा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची फोटोत गफलत होते. सिरियल नंबरवरून कंपनीला तुमच्या मशीनमध्ये कोणत्या बॅचचं कार्ड बसवलंय ते कळतं, म्हणून मॉडेलपेक्षाही तो जास्त कामाचा. स्क्रीनवर सॉफ्टवेअरचं व्हर्जन आणि चाललेले तास दिसत असतील तर त्याचाही फोटो द्या.

एक बारीक गोष्ट. आपल्याकडे कुठल्याही कलर सॉर्टरला सॉर्टेक्स म्हणायची सवय आहे. ते मुळात एका विशिष्ट बनावटीचं नाव आहे. मिलमध्ये बोलताना काही बिघडत नाही, पण कंपनीला लिहिताना "कलर सॉर्टर" आणि किती शूटचा, असंच लिहा.

बिघाड सांगायचा म्हणजे नेमकं काय सांगायचं?

दिसलं ते सांगा, निदान सांगू नका. "कॅमेरा गेला" हे निदान झालं. "दुसऱ्या शूटच्या चांगल्या मालात काळा दाणा येतोय, पहिल्या शूटचा माल स्वच्छ आहे" हे दिसलेलं. निदान चुकलं तर इंजिनिअर चुकीचा पार्ट घेऊन येतो. दिसलेलं खरं असतं, आणि त्यावरून निदान करणं हे त्याचं काम.

सॉर्टरमध्ये काय चालतं ते थोडं समजून घेतलं तर सांगणं सोपं जातं. वरच्या टाकीतून डाळ फीडरवर येते, फीडर थरथरून ती उतरत्या शूटवर सारख्या थरात सोडतो. शूटच्या खालच्या टोकाला डाळ हवेत पडत असताना कॅमेरे तिला बघतात. काळा, डागी किंवा सालीचा दाणा दिसला की त्याच्या रेषेतला एजेक्टर व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि हवेचा फटका त्या दाण्याला रिजेक्शनच्या बाजूला ढकलतो. म्हणजे काळा दाणा चांगल्या मालात आला, तर ढोबळमानाने तीनच शक्यता उरतात: कॅमेऱ्याला तो दिसला नाही, व्हॉल्व्ह उडाला नाही, किंवा व्हॉल्व्ह उडाला पण हवेत जोर नव्हता.

यातली कोणती, ते बिघाडाच्या जागेवरून बरंच कळतं. सगळ्या शूटमधून एकदम काळं येऊ लागलं तर आधी हवा आणि काचा बघा. एकाच शूटमधून पूर्ण रुंदीभर येत असेल तर त्या शूटचा कॅमेरा, लाइट किंवा सेटिंग. शूटच्या एखाद्याच पट्ट्यातून येत असेल तर व्हॉल्व्ह किंवा त्यांना चालवणारं कार्ड. म्हणून मेसेजमध्ये "कोणत्या शूटमध्ये, समोरून उभं राहिल्यावर डावीकडून कितव्या व्हॉल्व्हपासून कितव्यापर्यंत" हे लिहिलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

फोन करण्याआधी आपण काय तपासावं? वॉरंटीत असताना हात लावला तर चालेल का?

झाकण न उघडता जे तपासता येतं, ते बिनधास्त तपासा. कार्डाच्या बॉक्सचं झाकण किंवा सील वॉरंटीत कंपनीला विचारल्याशिवाय उघडू नका.

सगळ्यात आधी हवा. कॉम्प्रेसरवरचं मीटर बघून समाधान मानू नका. सॉर्टरच्या अंगावर जो रेग्युलेटर आहे त्याचं मीटर बघा, आणि तेही माल चालू असताना. मशीन रिकामं असताना काटा बरोबर जागेवर असतो, आणि माल सोडला, व्हॉल्व्ह धडाधड उडू लागले की खाली बसतो. तसं होत असेल तर फिल्टर चोंदलाय, पाइप बारीक पडतोय किंवा कॉम्प्रेसर पुरत नाहीये. प्रेशर किती हवं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तो आकडा आणि माल चालू असतानाचा आकडा, दोन्ही मेसेजमध्ये लिहा.

मग हवेचा फिल्टर. त्याच्या खालच्या ड्रेनला पांढरं फडकं धरून हळूच हवा सोडा. फडकं ओलं झालं तर ड्रायर नीट चालत नाहीये. पिवळसर चिकट डाग पडला तर कॉम्प्रेसरचं तेल हवेतून पुढे जातंय. हे तेल धुळीत मिसळून व्हॉल्व्हच्या आत चिकट थर बसवतं आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. दाणा पुढे निघून गेल्यावर फटका बसतो, काळा तसाच राहतो आणि मागचा चांगला दाणा उडतो. चांगल्या मालात काळं आणि रिजेक्शनमध्ये चांगली डाळ, दोन्ही एकदम वाढलं तर हा संशय घ्या. फडक्याचा फोटो मेसेजला जोडा. शब्दांत सांगण्यापेक्षा तो फोटो जास्त सांगतो.

काच आणि वायपर बघा. काचेवर डाळीचा बारीक भुसा बसला की कॅमेऱ्याला सगळंच मळकट दिसतं. मऊ कोरड्या कापडाने पुसून पुन्हा माल चालवून पाहा.

शेवटी वीज. मशीनच्या सॉकेटवर मल्टीमीटर लावून व्होल्टेज मोजा, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेजही मोजा. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला अर्थिंग बघायला लावा आणि आकडा कंपनीलाही कळवा.

व्हॉल्व्ह उडतोय की नाही ते कसं ओळखायचं?

बहुतेक सॉर्टरच्या स्क्रीनवर एजेक्टर टेस्ट असते. माल बंद करा, शूट रिकामं होऊ द्या आणि टेस्ट चालू करा. एक-एक व्हॉल्व्ह क्रमाने टिक-टिक वाजत जातो. मिलच्या आवाजात ते ऐकू येत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत एलिव्हेटर बंद असताना करा.

टिक ऐकू आलं म्हणजे हवा सुटलीच असं नाही. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी काडीला बांधा आणि नोझलच्या समोर धरून डावीकडून उजवीकडे सरकवत जा. हवा सुटली की पट्टी फडकते. टिक येतं पण पट्टी हलत नाही, तर व्हॉल्व्ह किंवा नोझल तुंबलाय. टिकच येत नाही, तर वीज पोहोचत नाहीये. तोंड नोझलच्या रेषेत आणू नका, डोळ्यांवर चष्मा घाला. बोटाने हवा तपासायची सवय काही ऑपरेटरना असते, ती मोडा.

एकच व्हॉल्व्ह मेला असेल तर दोष बहुधा त्या व्हॉल्व्हचा किंवा त्याच्या वायरचा. सलग आठ, सोळा किंवा बत्तीस असा भरीव आकडा मेला असेल तर त्या सगळ्यांना चालवणारं ड्रायव्हर कार्ड, त्याचा फ्यूज किंवा कनेक्टर. एका कार्डावर किती व्हॉल्व्ह असतात ते मॉडेलप्रमाणे बदलतं.

शेजारचं कार्ड काढून अदलाबदल करून बघावी का? आमचा वायरमन म्हणतो लगेच कळेल.

इंजिनिअरने फोनवर सांगितल्याशिवाय नको. हे मी आमच्या मिलच्या अनुभवावरून सांगतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन शूटचं मशीन. त्यातली पहिली दोन शूट मुख्य मालाची, तिसरं रिजेक्शन पुन्हा चाळून त्यातली चांगली डाळ काढणारं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी आमचा ऑपरेटर धावत आला, "दादा, दुसऱ्या शूटातून काळी पडायलीय." मूठभर डाळ पांढऱ्या ताटलीत पसरून बघितली तर खरंच दर चिमटीत दोन-तीन काळे दाणे. टेस्ट लावली. तेहतीस ते अठ्ठेचाळीस हे सोळा व्हॉल्व्ह गप्प. वायरमन म्हणाला कार्ड गेलंय, शेजारच्याशी बदलून बघू. मीही हो म्हटलं. बदलून मशीन चालू केलं, आणि शेजारचे सोळाही गेले. आता बत्तीस बंद. ही चूक आमची होती.

रात्री नऊला मी कंपनीला लिहिलं, "मशीन बंद, अतितातडीचं, इंजिनिअर पाठवा." रविवारी सुट्टी. सोमवारी रात्री पुण्याहून निघून इंजिनिअर मंगळवारी सकाळी पोहोचला. अशा तक्रारीत बहुतेक वेळा व्हॉल्व्ह लागतात म्हणून त्याने व्हॉल्व्ह आणले होते, कार्ड आणलं नव्हतं. कार्डं ट्रॅव्हल्सच्या पार्सलने बुधवारी पहाटे आली आणि दुपारी मशीन लागलं.

मूळ कारण त्याने मला मल्टीमीटरवर दाखवलं. मशीनची वीज पूर्ण बंद करून, कनेक्टर सोडवून, प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. पंधरा कॉइलचे आकडे जवळपास सारखे आले. एकेचाळिसाव्या व्हॉल्व्हची कॉइल मोजली तर मीटर शून्याला टेकलं. कॉइल आतून शॉर्ट झाली होती. ती जास्त करंट ओढायची, म्हणून कार्डावरचा फ्यूज उडाला आणि त्या कार्डावरचे सगळे सोळा मेले. आम्ही चांगलं कार्ड त्या जागी लावल्याबरोबर त्याचाही फ्यूज उडाला. खराब होता एक व्हॉल्व्ह, आणि आम्ही दुसरं कार्डही बंद पाडलं होतं.

त्यामुळे आता नियम असा: आधी कॉइल मोजायची, मग कार्डाला हात लावायचा. मोजायलाही झाकण उघडावं लागतं, म्हणून वॉरंटीत असाल तर इंजिनिअर फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर असतानाच उघडा.

मग पुढच्या वेळी तुम्ही काय लिहिलंत? नमुना द्या.

दोन हंगामांनंतर तसाच प्रकार पहिल्या शूटला झाला. त्या वेळी पाठवलेला मेसेज खाली देतो. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून मॉडेल आणि सिरियल नंबर गाळले आहेत, तुम्ही ते पहिल्या ओळीत लिहा.

> विषय: कलर सॉर्टर, पहिल्या शूटचे १६ व्हॉल्व्ह बंद, सर्व्हिस इंजिनिअर हवा, लातूर
>
> मॉडेल … , सिरियल नंबर … , ३ शूट. पाटीचा फोटो जोडला आहे. वॉरंटी संपली आहे, एएमसी नाही.
>
> बिघाड: आज, गुरुवारी, सकाळी ७ पासून पहिल्या शूटच्या चांगल्या मालात काळा दाणा येत आहे. एजेक्टर टेस्टमध्ये समोरून डावीकडून १ ते १६ व्हॉल्व्ह वाजत नाहीत, कागदाची पट्टीही हलत नाही. १७ ते ६४ ठीक. दुसरं आणि तिसरं शूट ठीक. स्क्रीनवर कोणताही अलार्म नाही.
>
> तपासलं: माल चालू असताना मशीनवरचं हवेचं प्रेशर मॅन्युअलप्रमाणे आहे. फिल्टरच्या ड्रेनमध्ये पाणी किंवा तेल नाही. व्होल्टेज २२८, न्यूट्रल-अर्थ १ व्होल्ट. मशीन एकदा बंद करून चालू केलं, फरक नाही. कार्ड किंवा वायर काढलेली नाही.
>
> मागची घटना: याच मशीनवर पूर्वी दुसऱ्या शूटला एका व्हॉल्व्हची कॉइल शॉर्ट होऊन कार्डाचा फ्यूज उडाला होता. सर्व्हिस रिपोर्ट जोडला आहे.
>
> अडचण: पहिलं शूट बंद ठेवून दुसऱ्यावर निम्मा माल चालवत आहोत. शनिवारी संध्याकाळी एक गाडी भरून द्यायची आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत इंजिनिअर आला तर गाडी निघेल.
>
> कृपया इंजिनिअरसोबत व्हॉल्व्ह, ड्रायव्हर कार्ड आणि फ्यूज पाठवावेत. व्हिजिट चार्ज आणि पार्टचे दर कळवावेत, लगेच लेखी मंजुरी देतो. मशीनजवळ ऑपरेटर आणि वायरमन दिवसभर आहेत, व्हिडिओ कॉल चालेल.

तासाभरात फोन आला. इंजिनिअरने व्हिडिओ कॉलवर वायरमनकडून कॉइल मोजून घेतल्या, सातवा व्हॉल्व्ह शॉर्ट निघाला. त्याच रात्री तो निघाला आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला मिलमध्ये होता. दोन तासांत काम झालं. कार्ड लागलंच नाही, फ्यूज आणि एक व्हॉल्व्ह एवढ्यावर भागलं.

व्हॉल्व्ह आणि फ्यूज कुरिअरने मागवून आपणच बसवले तर इंजिनिअरचा खर्च वाचेल ना?

कॉइल मोजता येणारा वायरमन असेल, वॉरंटी संपली असेल आणि दोष एका व्हॉल्व्हपुरता पक्का ठरला असेल तर वाचेल. आम्ही आता जास्तीचे चार व्हॉल्व्ह आणि त्याच रेटिंगचे फ्यूज कपाटात ठेवतो. मात्र फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा लावू नका किंवा तार बांधू नका. मग कॉइलचा करंट सरळ कार्ड जाळतो, आणि फ्यूजच्या मानाने कार्ड फार महाग असतं.

कॅमेरा, लाइट, मुख्य बोर्ड किंवा सॉफ्टवेअर असेल तर इंजिनिअरच हवा. कॅमेरा बदलल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर दाणा एका ठिकाणी दिसतो आणि फटका दुसऱ्या ठिकाणी बसतो.

तातडी किती लिहावी? "अतितातडीचं" लिहिलं की लवकर येतात असं म्हणतात.

हंगामात सगळेच तसं लिहितात, त्यामुळे त्या शब्दाने इंजिनिअरला काहीच कळत नाही. सर्व्हिस विभागात त्या दिवशी चार-पाच तक्रारी असतात आणि कोणाकडे आधी जायचं हे कोणाचं काम खरंच ठप्प आहे यावरून ठरतं. म्हणून काय बंद आहे, काय चालू आहे, पर्यायी सोय काय आणि कधीपर्यंत निभेल, हे लिहा. वर दिलेल्या मेसेजमध्ये "निम्मा माल चालतोय" हे आम्ही लपवलं नाही. शनिवारच्या गाडीची वेळ दिली, तीच त्यांना आखणीसाठी पुरली.

खोटी तातडी एकदा उघडी पडली की पुढच्या खऱ्या वेळी अडचण होते. इंजिनिअर येतो, मिल व्यवस्थित चालू दिसते, आणि ते त्याच्या लक्षात राहतं. ही माणसं वर्षानुवर्षं आपल्याच पट्ट्यात फिरतात, लातूर, उदगीर, नांदेड, जालना सगळीकडे त्यांचीच ये-जा असते.

मिल पूर्ण ठप्प असेल तर मात्र तेही स्पष्ट लिहा: टाकी भरली आहे, रोल बंद केले आहेत, कामगार बसून आहेत. त्यात संकोच करू नका.

इंजिनिअर येईपर्यंत बिघडलेल्या शूटवर माल चालवावा का?

त्या शूटचा फीडर बंद करा आणि बाकीच्यांवर कमी मालाने चालवा. दुसऱ्या शूटवर दुप्पट माल सोडू नका, थर जाड झाला की दाण्याखाली दाणा लपतो. सेन्सिटिव्हिटी वाढवून काळं कमी करायचा प्रयत्नही इथे फसतो. व्हॉल्व्हच मेला असेल तर कॅमेऱ्याने कितीही बारीक बघितलं तरी दाणा उडणार नाही, उलट बाकीच्या व्हॉल्व्हमधून चांगली डाळ रिजेक्शनमध्ये जाईल. आणि काळं असलेला माल तसाच कट्ट्यात भरून पाठवला तर पलीकडचा व्यापारी वांधा काढतो, मग भावात तूट सोसावी लागते किंवा गाडी परत येते.

एक काम मात्र करा. बिघाड झालेला माल दहा-बारा कट्टे वेगळा ठेवा. दुरुस्तीनंतर हाच माल फिरवून बघायचा असतो.

फोन, ईमेल की व्हॉट्सअ‍ॅप?

आधी सर्व्हिसच्या नंबरवर फोन करून तक्रार नंबर घ्या, मग तोच नंबर विषयात टाकून ईमेल करा, आणि फोटो-व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ओळखीच्या इंजिनिअरला थेट फोन करणं सगळेच करतात, मीही करतो. पण तो रजेवर असेल किंवा दुसऱ्या जिल्ह्यात अडकला असेल तर आपली तक्रार त्याच्या फोनमध्येच राहते, कंपनीला पत्ताच नसतो. मशीन विकणाऱ्या डीलरला ईमेलची प्रत द्या, अडलं तर तो पाठपुरावा करतो.

शनिवारी दुपारच्या आत कळवता आलं तर बरं. त्यानंतर स्टोअर बंद होतं आणि पार्ट सोमवारी निघतो.

मराठीत लिहिलं तर चालेल का?

इंजिनिअर पुण्याचा असेल तर खुशाल मराठीत लिहा. मुख्य ऑफिस राज्याबाहेर असेल तर हिंदीत किंवा साध्या इंग्रजीत. स्क्रीनवरचा अलार्म मात्र भाषांतर न करता, जसा आहे तसा नंबरासह उतरवा.

फोनवर कोणी बोलावं, शेठजींनी की ऑपरेटरने?

पैशाचं शेठजींनी, बिघाडाचं ऑपरेटरने. "किती वाजता सुरू झालं, त्याआधी काही बदललं होतं का, माल नवीन लावला होता का" याची उत्तरं ऑपरेटरजवळच असतात. काही वेळा बिघाड नसतोच. दुसऱ्या गावच्या तुरीची डाळ जास्त लालसर असते आणि जुन्या सेटिंगवर मशीन ती डागी समजून उडवतं. ते ऑपरेटरच्या एका वाक्यावरून उलगडतं. त्याला बोलताना भीती वाटत असेल तर शेजारी उभं राहा, पण त्याच्या हातातून फोन घेऊ नका.

वॉरंटीत आहे, तरी पैसे का मागतात?

तीन कारणं मी पाहिली आहेत. पहिलं, वॉरंटीची तारीख. ती बिलापासून मोजायची की मशीन चालू करून दिल्यापासून, हे ऑर्डरच्या कागदावर लिहिलेलं असतं. ते काढून बघा. दुसरं, हवेतलं पाणी-तेल किंवा विजेच्या चढउतारामुळे झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीबाहेर ठेवतात. तिसरं, उंदीर. डाळ मिलमध्ये उंदीर वायर कुरतडतात आणि ते वॉरंटीत बसत नाही. केबल आत शिरते ती भोकं जाळीने बंद करा.

वॉरंटी संपली असेल तर व्हिजिट चार्ज, प्रवास, मुक्काम आणि पार्ट यांचा वेगवेगळा दर लेखी मागा. सर्व्हिसवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलाय की वेगळा हेही विचारा. एकाच दिवसाचा चार्ज आहे की दुसऱ्या दिवसाचा पुन्हा, हे आधी ठरलं नाही तर बिलावरून वाद होतो.

एएमसीमध्ये "४८ तासांत प्रतिसाद" लिहिलंय, पण इंजिनिअर चौथ्या दिवशी आला. तक्रार करता येईल का?

करारातला शब्द बघा. "प्रतिसाद" याचा अर्थ बऱ्याच करारांत नुसता फोन असा धरतात. इंजिनिअर प्रत्यक्ष हजर होण्याची वेळ वेगळी लिहिलेली असेल तरच ती मागता येते. पुढच्या नूतनीकरणाला "लातूरला इंजिनिअर हजर होण्याची वेळ" आणि "जानेवारी ते एप्रिल" असे शब्द घालून घ्या. करार करताना हंगामाचा उल्लेख करणारे मिलवाले मला फार थोडे भेटले, आणि खरी गरज तर तेव्हाच असते.

आत्ताच्या उशिरासाठी सर्व्हिस प्रमुखाला तक्रार नंबर, तारखा आणि कोण काय म्हणालं हे क्रमाने लिहून ईमेल करा. राग दोन वाक्यांत आवरा, तारखा सगळ्या लिहा.

इंजिनिअर आल्यावर काय तयार ठेवावं?

वीज आणि हवा. महावितरणचा मेंटेनन्सचा दिवस असेल तर आधीच कळवा, नाहीतर तो बसून राहतो. कॉम्प्रेसर चालू, शिडी, चांगला उजेड, वेगळे ठेवलेले कट्टे, जुने सर्व्हिस रिपोर्ट आणि पूर्ण वेळ ऑपरेटर. सकाळी बसस्टँडवरून आणायला कोणाला तरी पाठवा. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला आधी चहा-नाश्ता विचारा, मग मशीन दाखवा.

सर्व्हिस रिपोर्टवर सही कधी करायची?

माल फिरवून झाल्यावर. नुसती एजेक्टर टेस्ट पास झाली म्हणून सही करू नका. वेगळे ठेवलेले कट्टे पूर्ण मालावर चालवा, प्रत्येक शूटखालून मूठभर डाळ पांढऱ्या ताटलीत घेऊन काळे दाणे मोजा, रिजेक्शनमधली चांगली डाळही बघा. अर्धा तास तरी चालू द्या, कारण गरम झाल्यावर बंद पडणारं कार्ड पहिल्या पाच मिनिटांत ठणठणीत असतं.

रिपोर्टवर कोणता पार्ट बदलला, कुठल्या शूटचा, कितव्या नंबरचा आणि कारण काय, हे त्याच्याकडून लिहून घ्या. "काम पूर्ण, मशीन ठीक" एवढंच लिहिलेला रिपोर्ट पुढे उपयोगी पडत नाही. काही काम राहिलं असेल तर सहीच्या वर तसं स्वतः लिहा. वॉरंटीत जुना पार्ट कंपनी परत नेते, पैसे देऊन बदलला असेल तर तो मागून घ्या. आमच्या कपाटात तो एकेचाळिसावा व्हॉल्व्ह अजून आहे. नवीन वायरमन आला की त्याच्या हातात मल्टीमीटर देतो आणि आधी तो मोजायला लावतो.